भीमाचे पाऊल कुठे थांबेल? : नववीच्या वर्गातील एक नाट्यपाठ

अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा या स्मरणिकेच्या वाचकांपैकी पुष्कळांनी वाचलेली असेल, काहींनी ती आमच्याच वर्गात बसून ऐकलेली असेल. इयत्ता नववीला पूरक वाचन म्हणून ही कथा आम्ही घेतो, आणि ती केवळ वाचून न थांबता भूमिका करून घेतो. माजी विद्यार्थी भेटले की त्या पाठाची आठवण काढतात. पालक मात्र कधीकधी विचारतात की मराठीच्या तासाला मुले खांद्यावर गमछा टाकून हॉलमध्ये काय करीत होती. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर द्यावे, म्हणून हा लेख.

ज्यांना कथा आठवत नसेल त्यांच्यासाठी तिचा गाभा थोडक्यात सांगतो. भीमा हा वारणेकाठचा धिप्पाड गडी. पोटासाठी मुंबई गाठतो आणि उपनगराच्या कडेला, रानाला लागून असलेल्या वस्तीत बायको आणि लेकीसह राहतो. दगडाच्या खाणीत त्याला काम मिळते आणि डोंगर फोडण्याचे ते काम तो मन लावून करतो. एके दिवशी खाण बंद होते. काम शोधूनही मिळत नाही. अशा वेळी चितेच्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते. मग तो मसणवटीतली राख चाळू लागतो, पुढे पुरलेली प्रेते उकरू लागतो. मृताच्या तोंडात सोन्याचा कण ठेवण्याची जी रीत आहे, तिच्यावर त्याचे घर चालते. बायको त्याला परोपरीने विनवते. तरीही एका रात्री तो पहार घेऊन बाहेर पडतो.

या ठिकाणी आम्ही पुस्तक मिटतो. त्या रात्रीचा शेवट मुलांना आधी वाचू देत नाही, आणि याला कारण आहे. शेवट ठाऊक असलेली मुले कथेकडे पापपुण्याच्या हिशोबासारखी पाहतात. ‘केले तसे भोगले’ एवढे म्हटले की त्यांच्या दृष्टीने प्रश्न संपतो. निर्णयाचा क्षण तपासायचा असेल तर तो निर्णय घेणाऱ्याला जेवढे ठाऊक होते तेवढेच तपासणाऱ्यालाही ठाऊक असावे लागते. वर्गातील दोन-तीन मुलांनी कथा आधीच वाचलेली असते. त्यांना आम्ही निरीक्षक नेमतो, हाती वही देतो आणि शेवट न फोडण्याचे वचन घेतो. ही मुले ते वचन फार अभिमानाने पाळतात.

आता नैतिक पेचाविषयी. शिक्षकाने फळ्यावर ‘भीमाने केले ते योग्य की अयोग्य?’ असा प्रश्न लिहिला तर वर्ग अर्ध्या मिनिटात दोन तट पाडून मोकळा होतो. एक तट म्हणतो, चोरी ती चोरी. दुसरा म्हणतो, पोटासाठी केले, त्यात चूक काय? दोन्ही उत्तरे कथा वाचण्यापूर्वीच तयार होती, कथेने त्यांत काहीच भर घातलेली नसते. नैतिक विचाराचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी मुलांपुढे असाच एक पेच ठेवला होता. मरणासन्न पत्नीसाठी न परवडणारे औषध हाइन्झ नावाच्या माणसाने चोरावे की नाही, हा तो पेच. त्यात मूल ‘चोरावे’ म्हणते की ‘चोरू नये’ म्हणते याला कोलबर्ग यांनी महत्त्व दिले नाही. ते कारण काय देते, यावर त्यांचे लक्ष होते. एवढी एक गोष्ट आम्ही त्यांच्याकडून घेतली आहे. मात्र हाइन्झपुढे एकच दार होते आणि ते एकदाच उघडायचे होते. भीमाची गोष्ट तशी नाही. तो एका रात्रीत मढे उकरणारा झालेला नाही. तो पायरीपायरीने तिथे पोहोचला आहे, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपासून एका वितीवर आहे. आमच्या मते या कथेतील खरा पेच त्या पायऱ्यांत आहे. म्हणून आमचा पाठ शेवटच्या रात्रीपासून सुरू होत नाही. तो राखेतल्या अंगठीपासून सुरू होतो.

पाठाला एकूण चार तास लागतात. पहिल्या तासाला वाचन, पुढचे दोन तास जोडून सुमारे सत्तर मिनिटांचे नाट्य, आणि चौथ्या तासाला कथेचा शेवट व लेखन. नाट्याचे दोन तास जोडून न मिळाल्यास हा पाठ घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. भूमिकेत शिरलेले मूल घंटा झाली म्हणून अर्ध्यावर बाहेर काढले तर ते भूमिका बरोबर घेऊन जाते. निवासी शाळेत ते कुठे जाते, हे पुढे सांगणार आहोत.

हॉलच्या फरशीवर खडूने चार आडव्या रेषा ओढायच्या, दोन रेषांत चार-पाच पावलांचे अंतर ठेवायचे. पहिली रेषा म्हणजे राखेत दिसलेली अंगठी उचलणे. दुसरी रेषा म्हणजे सोने मिळेल या आशेने रोज राख चाळणे. तिसरी, पुरलेले प्रेत उकरणे. चौथी, सोन्यासाठी प्रेताचा जबडा उघडणे. सारा वर्ग भिंतीशी उभा राहतो. शिक्षक एकेक रेषा वाचतो, आणि ज्याला वाटेल ‘मी इथवर गेलो असतो’ त्याने पाऊल पुढे टाकायचे. ज्याला थांबायचे आहे त्याने तिथेच उभे राहायचे. बोलायचे नाही, शेजाऱ्याकडे पाहायचे नाही. हे सांगूनही मुले शेजाऱ्याकडे पाहतातच, म्हणून पहिल्या खेपेला डोळे मिटायला लावलेले बरे.

पहिली रेषा जवळजवळ सगळे ओलांडतात. अंगठी तर सापडली, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या रेषेपाशी वर्ग फुटतो. तिसरीपलीकडे मोजकी मुले उरतात, आणि चौथीपाशी बहुधा एखादे धीट पोर एकटेच उभे राहून इकडेतिकडे पाहते. मग आम्ही प्रत्येक ठिकाणच्या एकाला विचारतो, ‘तू इथे का थांबलास? पुढची रेषा वेगळी कशी?’ या प्रश्नाला उत्तर देताना मुलांची खरी ओढाताण होते. एका वर्गातला संवाद निरीक्षकाच्या वहीत असा नोंदवलेला आहे :

‘अंगठी उचलली तेव्हा ती कुणाची होती?’

‘कुणाचीच नाही, सर. राख तर नदीतच सोडणार होते.’

‘मग रोज राख चाळली तर?’

‘ती पण नदीतच जाणार. पण…’

‘पण काय?’

‘अंगठी त्याला दिसली. राख चाळताना तो वाट बघतो, कोण मरतंय त्याची.’

नववीतल्या मुलीने दिलेले हे उत्तर आहे. वस्तू तीच, ठिकाण तेच, मालकीचा प्रश्नही तोच, तरी दुसऱ्या रेषेपाशी मन बदलते, हे तिने पाहिले. यानंतर वर्गाला ‘चोरी’ हा एकच शब्द पुरत नाही. इथे आम्ही एक माहिती मुद्दाम पुरवतो. इंग्रजी अमदानीत 1860 साली झालेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम 297 ने दफनभूमीत शिरून प्रेताची विटंबना करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला होता. तिथे प्रश्न सोन्याचा नव्हता, मृताच्या आप्तांच्या भावना दुखावण्याचा होता. म्हणजे प्रेत मालक नसले तरी त्याच्यामागे कोणीतरी जिवंत माणूस उभा आहे. ही माहिती कळली की तिसऱ्या रेषेवरची एकदोन मुले मागे सरकतात. नंतर आम्ही दुसऱ्या बाजूने वजन टाकतो : ‘आज घरातले पीठ संपले. लेकीच्या पोटात काल रात्रीपासून काही नाही.’ तेव्हा काही मुले पुढे सरकतात. जो हलला त्याने का हललो ते सांगायचे, आणि जो जागचा हलला नाही त्यानेही का ते सांगायचे. दुसरी अट फार महत्त्वाची आहे. न हलणाऱ्याला वाटते की आपल्याला काही सिद्ध करायचे नाही, आणि ते खरे नसते.

रेषांना साधारण पंधरा-वीस मिनिटे जातात. नंतर भूमिका.

भूमिका वाटणे हे या पाठातले सर्वांत नाजूक काम आहे. आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात, काहींचे वीटभट्टीवर राबतात. काम बंद पडले म्हणजे घरात काय होते हे त्यांना भीमाइतकेच ठाऊक आहे. शिक्षकाला मोह होतो की अशा मुलाला भीमा करावे, तो किती खरा वठेल! हा मोह टाळावा. त्या मुलाने आपले घर वर्गापुढे मांडावे अशी मागणी करण्याचा अधिकार आम्हाला नाही. त्याला स्वतःहून बोलायचे असेल तर वर्ग ऐकेल. त्याचप्रमाणे ज्या घरात वर्षभरात मृत्यू झालेला आहे त्या मुलाला दोन दिवस आधी एकांतात गाठून पाठात काय येणार ते सांगावे आणि हवे असेल तर निरीक्षकाची वही त्याच्या हाती द्यावी. वर्गासमोर विचारू नये, कारण सगळ्यांसमोर कोणतेही मूल ‘मला चालेल’ असेच म्हणते.

भीमा आम्ही एक ठेवत नाही, तीन ठेवतो. एक गमछा आणतो आणि तो ज्याच्या खांद्यावर असेल तो भीमा. गमछा उतरला की तो पुन्हा आपल्या वर्गातला मुलगा किंवा मुलगी. होय, मुलीही भीमा होतात आणि मुले भीमाची बायको होतात. सुरुवातीची खुसखुस दोन मिनिटांत ओसरते. गमछ्याची ही युक्ती क्षुल्लक वाटेल, पण तिच्यामुळे भूमिका आणि मूल यांच्यात एक दिसणारी सीमा तयार होते आणि कुठलाही भीमा एकट्याच्या अंगाला चिकटत नाही.

नावाविषयीही येथेच लिहितो. आपल्या घराघरांत भीम हे नाव कोणत्या भावनेने उच्चारले जाते ते सांगायला नको. दरवर्षी कोणीतरी विचारते, ‘सर, मढी उकरणाऱ्याचं नाव भीमा कशाला? बदलू या ना.’ आम्ही बदलत नाही. वारणेकाठच्या गावांत हे नाव घराघरांत असे, आणि लेखकाने आपल्या माणसाला त्याच्या मातीतले नाव दिले. ज्या अण्णा भाऊंनी आपली ‘फकिरा’ कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, त्यांच्या मनात अनादर असणे शक्य नाही, एवढे सांगून पुढे जातो.

यानंतर प्रश्नांची खुर्ची. एक खुर्ची मध्ये ठेवायची, गमछेवाला तीत बसतो आणि वर्ग त्याला प्रश्न विचारतो. प्रश्न विचारणाराही कोणीतरी असला पाहिजे : बायको, शेजारी, मृताचा मुलगा, हवालदार. ‘मी शेजारी बोलतोय’ असे सांगूनच प्रश्न विचारायचा. आमचा एकच नियम असतो. निकाल लपवलेला प्रश्न चालणार नाही. ‘तुला लाज नाही वाटत का?’ हा प्रश्न दिसायला प्रश्न आहे, प्रत्यक्षात तो निवाडा आहे. त्याला खुर्चीतला मुलगा एक तर मान खाली घालतो किंवा उलटून बोलतो, आणि दोन्ही वेळा संवाद संपतो. कृतीविषयी साधे, बारीक प्रश्न विचारायला मुलांना शिकवावे लागते. ‘सोने विकून पहिल्यांदा काय आणलेस?’ ‘पहार घरात कुठे ठेवतोस?’ ‘लेकीने विचारले, रात्री कुठे जाता, तर काय सांगतोस?’ असल्या प्रश्नांतून नीतीचा प्रश्न आपोआप वर येतो. एकदा लेकीविषयीच्या प्रश्नावर खुर्चीतला भीमा बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘सांगतो, रातपाळी हाये.’ वर्गात कोणी हसले नाही. आपल्या मुलीशी खोटे बोलावे लागते, म्हणजे या कामाविषयी भीमाच्या मनातही काही आहे, हे कोणीही समजावून न सांगता सर्वांना उमगले.

याच खुर्चीतून एका वर्षी एक नवे पात्र निघाले. एका मुलाने उभे राहून विचारले, ‘मी सोनार. तू महिन्यात चार वेळा सोनं घेऊन येतोस, मी कधी विचारलं का कुठून आणतोस?’ भीमा म्हणाला, ‘नाय विचारलं. भाव मात्र पाडून दिला.’ कथेत सोनाराला ठळक जागा नाही, पण सोने कुठेतरी विकले जातेच. मुलांनी तो माणूस स्वतः शोधून काढला. तेव्हापासून आम्ही सोनाराची चिठ्ठी इतर भूमिकांच्या चिठ्ठ्यांत घालून ठेवतो.

मुकादमाची भूमिका मात्र आम्ही स्वतः करतो. शिक्षकाने बाहेर उभे राहून सूचना देण्याऐवजी नाट्यात एक पात्र होऊन उतरावे, ही पद्धत इंग्लंडमधील नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट यांनी रुजवली. आम्हाला तिची गरज एका विशिष्ट कारणासाठी वाटते. मुकादम मुलांच्या हाती दिला की त्याला मिशा फुटतात, आवाज चढतो, आणि तो चित्रपटातला खलनायक होतो. मग सगळा दोष त्याच्या मिशांवर ढकलून वर्ग मोकळा. आमचा मुकादम थकलेला, बऱ्यापैकी सभ्य माणूस असतो. ‘खाण का बंद केली?’ या प्रश्नावर तो म्हणतो, ‘मालकाचा निरोप आला. माझाही पगार थांबलाय.’ ‘परत कधी सुरू होणार?’ ‘मला ठाऊक नाही.’ मुलांचा राग अशा वेळी कुठे टेकायला जागा मिळत नाही म्हणून वाढतो, आणि मग ती विचारू लागतात की निरोप पाठवणारा मालक या गोष्टीत कुठे आहे? तो कथेभर दिसत का नाही? या भूमिकेत शिक्षकाला एक पथ्य पाळावे लागते. त्याने जिंकायचे नाही. आपल्याजवळ शब्द अधिक आहेत, वय अधिक आहे, दोन वाक्यांत आपण मुलांना निरुत्तर करू शकतो. म्हणून मुकादमाने एका प्रश्नाला दोन वाक्यांपेक्षा अधिक उत्तर देऊ नये.

हे सर्व पाश्चात्त्यांचे आहे असे कोणी समजू नये. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांची आठवण होते. समोर बसलेल्या माणसाच्या रोजच्या जगण्यातला प्रसंग उभा करायचा आणि प्रश्नोत्तरांतून त्याला विचार करायला लावायचे, हे जलसाकारांनी गावोगाव केले. अण्णा भाऊ स्वतः अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकात लोकनाट्ये करीत होते. त्यांच्या कथेतले संवाद वाचताना माणसे उभी राहून बोलू लागतात, त्याचे मूळ तिथे असावे.

शेवटी मनाची गल्ली. वर्गाच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या करायच्या, मध्ये दोन हात रुंद वाट. त्या वाटेने भीमा पहार घेऊन रात्री निघाला आहे. पहार म्हणून आम्ही झाडूचा दांडा देतो, खरी पहार आणत नाही. एक रांग त्याला मागे ओढते, दुसरी पुढे ढकलते, आणि प्रत्येकाने तो जवळून जाताना हलक्या आवाजात एकच वाक्य बोलायचे. पहिल्या फेरीत ही गल्ली बहुधा फसते. ‘चोरी करणं पाप आहे’, ‘चोरी वाईट असते’, ‘पोटासाठी जा’, ‘पोटासाठी जावंच लागतं’, अशी एकाच साच्यातली वाक्ये येतात आणि भीमा झपझप चालत पलीकडे पोहोचतो. त्याच्या पावलांच्या वेगावरून गल्ली फसली हे ओळखता येते. मग पुन्हा उभे करून सांगायचे, ‘वाक्य कोणाचे आहे ते ठरवा. नुसते मत नको, माणूस बोलू दे.’ दुसऱ्या फेरीत निराळेच ऐकू येते. ‘आवं, उजेड पडायच्या आत या.’ ‘माझ्या बाला पुरून तीन दिस झाले.’ ‘उद्या खाण उघडली तर?’ ‘डोंगर फोडला, तेव्हा कोण विचारत होतं?’ ‘बाबा, मला भूक नाय लागली.’ या शेवटच्या वाक्याशी गमछेवाला मुलगा थबकला होता. दांडा हातात तसाच धरून तो उभा राहिला, आणि आम्हाला त्याला हात धरून पुढे न्यावे लागले. ते वाक्य मागे ओढणाऱ्या रांगेतले होते की पुढे ढकलणाऱ्या, यावर नंतर वर्गात खूप वाद झाला. बोलणारी मुलगी म्हणाली, ती ओढत होती. भीमा झालेला मुलगा म्हणाला, त्याला ते ढकलल्यासारखे वाटले.

गल्लीतून बाहेर आलेल्या भीमाला ‘जाणार की नाही?’ असे आम्ही विचारीत नाही. विचारतो ते एवढेच : ‘कोणत्या वाक्याशी पाऊल अडले?’ निर्णय वदवून घेतला की वर्ग टाळ्या वाजवतो किंवा कुजबुजतो, आणि पुढचा भीमा त्या टाळ्यांसाठी चालतो.

मध्येच हसू आले तर काय करावे, हे नवे शिक्षक आम्हाला नेहमी विचारतात. अवघडलेपणाचे हसू आणि थट्टेचे हसू यांत फरक आहे. पहिल्यात मूल स्वतःचा चेहरा लपवते, दुसऱ्यात दुसऱ्याचा चेहरा पाहते. पहिले आपोआप विरते, त्याला रागवू नये. दुसऱ्या वेळी आम्ही सर्वांना जागच्या जागी पुतळ्यासारखे थांबवतो आणि गमछेवाल्याला विचारतो, ‘भीमा, आत्ता मनात काय चालले आहे?’ त्याने ‘ही माणसं मला हसतायत’ असे म्हटले की हसणारेही त्या दृश्याचा भाग होतात. वस्तीतली माणसे भीमाला हसत असतीलच.

आता भूमिकेतून बाहेर येणे. दिवसा शिकून घरी जाणाऱ्या शाळेत मूल संध्याकाळी आपल्या अंगणात पोहोचते आणि भूमिका गळून पडते. आपली मुले मात्र त्याच सवंगड्यांबरोबर जेवतात, त्याच खोलीत निजतात. नावे चिकटायला वसतिगृहासारखी जागा नाही. म्हणून सत्तरपैकी शेवटची वीस मिनिटे आम्ही कधीही कापीत नाही. गमछा घडी करून खुर्चीवर ठेवायचा. ज्याने ज्याने भूमिका केली त्याने आपले पूर्ण नाव सांगायचे, मग ‘माझ्यात आणि भीमात एक सारखी गोष्ट’ आणि ‘एक वेगळी गोष्ट’ सांगायची. सारखी गोष्ट सांगताना कोणी घरचे सांगितले तर ऐकून घ्यायचे, त्यावर प्रश्न नाही, चर्चा नाही. वेगळी गोष्ट सांगताना मुले मोकळी हसतात. ‘मला रात्री बाहेर जायची भीती वाटते’ हे तर ठरलेले उत्तर. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी भोजनगृहाच्या रांगेत आम्ही कान देऊन उभे राहतो. वसतिगृह अधीक्षकांनाही आधी कल्पना दिलेली असते. कोणी कोणाला भूमिकेच्या नावाने हाक मारली तर ती तिथेच थांबवायची, आणि हाक मारणाऱ्याला बाजूला घेऊन बोलायचे. सर्वांसमोर रागावले तर ते नाव वर्षभर टिकते.

चौथ्या तासाला शेवट वाचतो. हे वाचन शिक्षकानेच करावे, आवाज न चढवता. त्या रात्री कोल्ह्यांशी झुंज, प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे, जखमी हाताने घरी परतणे, डॉक्टरांनी कापून टाकलेली दोन बोटे, आणि त्याच दिवशी आलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी. डोंगर फोडणारा तो माणूस लहान मुलासारखा रडू लागतो. वर्ग शांत असतो. आम्ही काही विचारीत नाही, फरशीवरच्या रेषा पुन्हा ओढतो आणि म्हणतो, ‘कोणाला आपली जागा बदलायची आहे का?’

एरवी जी मुले ‘शिक्षा मिळाली’ म्हणाली असती, ती आता तसे म्हणत नाहीत. त्यांचे लक्ष बोटांकडे जाते. पहार आणि सुतकी धरायला लागतात तीच बोटे गेली, आणि गेली ती खाण उघडण्याच्या दिवशी. कोणीतरी म्हणतेच, ‘एक रात्र थांबला असता तर!’ मग दुसरा विचारतो, ‘त्याला ठाऊक होतं का, एकच रात्र उरली आहे?’ इथे मुकादमाचे ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य त्यांना आठवते. भीमा निर्दोष होता असे आम्ही मुलांना सांगत नाही, कारण तसे आम्हाला वाटत नाही. ज्यांच्या बापाचे प्रेत उकरले गेले तेही कोणाचे तरी घर होते. पण खाण ज्याने बंद केली त्याच्यासाठी फरशीवर रेषाच नाही, ही गोष्ट मुलांनी पाहावी असे आम्हाला वाटते. एका वर्षी एका विद्यार्थ्याने हातात खडू घेऊन पहिल्या रेषेच्याही अलीकडे, भिंतीला खेटून, पाचवी रेषा ओढली आणि तिच्यावर ‘मालक’ असे लिहिले. त्या वर्षी आम्ही ती पुसली नाही.

लेखनासाठी विषय असतो : दुसऱ्या दिवशी सकाळी भीमाची बायको शेजारणीला काय सांगेल? पंधरा-वीस ओळी. नवऱ्याला अडवणारी, तरी त्याच सोन्याच्या पैशावर चूल पेटवणारी ती बाई पेचाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी उभी आहे, म्हणून तिची निवड. गुण देताना आम्ही तीन गोष्टी पाहतो. कथेतील किमान दोन तपशील आले आहेत काय? बोलणारी व्यक्ती शेवटपर्यंत तीच राहिली आहे काय, की मध्येच विद्यार्थी भाषण करू लागला? आणि तिच्या मनातली शंका कुठे दिसते काय? भीमा बरोबर की चूक, यावर एकही गुण नाही, आणि हे मुलांना आधीच सांगितलेले असते. ‘माझ्या पतीने चोरी केली, म्हणून त्याला शासन झाले. आपण सर्वांनी प्रामाणिकपणे वागावे’ अशा उत्तरात बाई कुठेच नाही. याउलट एका वहीत होते : ‘मी त्याला नको म्हणलं. पण पीठ आणलं तवा मी इचारलं न्हाई, पैसं कुठलं. त्याची दोन बोटं गेली, माझं काय गेलं?’ या मुलाला शुद्धलेखनात एरवी फारसे गुण पडत नाहीत. इथे बोली मुद्दाम वापरलेली असल्यामुळे तो प्रश्नच आला नाही.

प्रत्येक धड्याला ही रीत चालत नाही. ज्या पाठात लेखकाने उत्तर आधीच देऊन ठेवले आहे, तिथे भूमिका करणे म्हणजे पाठांतराला वेष चढवणे होय. निर्णय घेणाऱ्यापुढे कमीत कमी दोन खऱ्या वाटा असाव्यात, त्या वाटांचे नुकसान वेगवेगळ्या माणसांना सोसावे लागत असावे, आणि ती माणसे कथेत बोलू शकतील एवढी जिवंत असावीत. नववीच्या वर्षभरात असे पाठ आम्हाला दोन, फार तर तीन सापडतात. बाकीचे तास आम्ही बाकावर बसूनच घेतो.

ज्या माजी विद्यार्थ्यांनी गमछा खांद्यावर घेतला होता त्यांना सांगायला हरकत नाही की तो गमछा अजून तोच आहे. निरीक्षकांच्या वह्याही आम्ही ठेवल्या आहेत. कोणाला आपल्या वर्गाची वही पाहायची असेल तर ती शाळेच्या ग्रंथालयात, मराठीच्या कपाटात, खालच्या खणात मिळेल.